रजिस्टरला वसुली झालेली, बँकेत मात्र पैसे कमी: पेमेंट फेल झाल्यावरच्या ग्रेसचा घोळ

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. लूमवरचा माल, शिलाई, गठ्ठे आणि जीएसटीचं बिल असं सगळं त्यात निघतं. महिन्याला ६०० रुपये, साधारण चारशे गिऱ्हाईक. त्यातल्या ३८-४० जणांचं पेमेंट दर महिन्याला पहिल्या झटक्यात फेल होतं. त्यानंतर त्यांना सॉफ्टवेअर किती दिवस वापरू द्यायचं, म्हणजे ग्रेस किती द्यायचा, काय बंद करायचं, कधी करायचं, यावर आम्ही दोन वर्षांत तीनदा नियम बदलले. प्रत्येक वेळी एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं. महिन्याच्या वर्गणीवर काही चालवणाऱ्या कुणालाही हे दुखणं होतं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पहिलं लक्षण: एक तारखेला सकाळी फोन

सुरुवातीचा नियम अगदी सरळ होता:

```python
allowed = paid_till >= today
```

मुदत संपली की रात्री बारा वाजता दार बंद. एक तारखेला सकाळी साडेआठला अक्कलकोट रोड एमआयडीसीतून फोन यायचा. "ताई, हैदराबादची गाडी दारात उभी हाय, बिल निघंना. पैसे कापणार म्हणून कालच मेसेज आलाय की!"

मालकांचं बरोबर होतं. ऑटोपेमध्ये पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी गिऱ्हाइकाला सूचना जावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना आली म्हणजे आपलं काम झालं, असं माणूस धरून चालतो. पण सूचना आली म्हणजे पैसे गेले असं होत नाही. कापण्याची वेळ पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे गेटवेच्या, आणि बँकेच्या हातात असते. १ ऑगस्ट २०२५ पासून तर यूपीआय ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळेत होतच नाही. ती सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर होते. हा नियम येण्याआधीही ज्याचे पैसे दुपारी तीनला नीट कापले जाणार असत, त्यालाही आम्ही मध्यरात्रीपासून पंधरा तास बाहेर उभं करत होतो.

तुमच्याकडे असं होतंय का, हे ओळखायला एक खूण आहे. तक्रारीची वेळ आणि त्याच गिऱ्हाइकाच्या यशस्वी पेमेंटची वेळ शेजारी शेजारी मांडा. तक्रार सकाळची आणि पैसे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आलेले, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर ते पेमेंट फेल झालेलंच नाही. तुमचं दार लवकर बंद होतंय.

दुसरी चूक याच ओळीत लपलेली होती. पहिला प्रयत्न फसला की गेटवे पुन्हा प्रयत्न करतो. यूपीआय ऑटोपेत एका हप्त्यासाठी मूळ प्रयत्न एक आणि त्यावर जास्तीत जास्त तीन. रेझरपे या गेटवेवर कार्डाच्या सबस्क्रिप्शनची वसुली फसली की ते `pending` होतं, पुढचे तीन दिवस रोज एक प्रयत्न होतो आणि तेही फसले की ते `halted` होतं. `pending` आहे तोवर चेंडू यंत्रणेकडे असतो, गिऱ्हाइकाने फक्त खात्यात पैसे ठेवायचे असतात. `halted` झाल्यावर मात्र आपोआप काही होत नाही. आता माणसाने हात हलवायला हवा.

आम्ही पहिल्या टप्प्यातच दार बंद करत होतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पैसे आपोआप आलेच असते, असा माणूस चिडून यूपीआय अॅपमध्ये जायचा आणि आपोआप पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेटच, रद्द करायचा. फेब्रुवारी २०२५ चं आमचं रजिस्टर बघा. ३८ फेल, १४ आपोआप वसूल, ६ जणांनी स्वतः भरले, १८ गेले. गेलेल्यांपैकी काहींना फोन केला तर खात्यात पैसे होते. राग होता तो गाडी थांबल्याचा.

दुसरा नियम: पंधरा दिवस सगळं चालू

हे बघून आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. एप्रिल २०२५ पासून पेमेंट फेल झालं तरी १५ दिवस काहीच बंद करायचं नाही, असं ठरवलं. ग्रेसमध्ये फक्त वर एक पिवळी पट्टी दिसायची.

मे महिन्याचा आकडा बघून ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. ४० फेल, १५ आपोआप, १६ स्वतःहून. म्हणजे ४० पैकी ३१ वसूल, आणि फेब्रुवारीत ३८ पैकी २० होते. आपोआप वसुलीचा आकडा जवळजवळ तोच राहिला, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. खात्यात पैसे आले की गेटवेचा पुढचा प्रयत्न लागतो, त्याला आपल्या दाराशी फारसं देणंघेणं नसतं. ग्रेसने जो फरक पडतो, तो जवळजवळ सगळा स्वतः भरणाऱ्यांत दिसतो. म्हणून हे दोन आकडे कायम वेगळे लिहा. एकत्र 'वसूल' म्हणून लिहिले तर गेटवेच्या कामाचं श्रेय तुम्ही तुमच्या नियमाला देऊन बसता.

ऑक्टोबरमध्ये सहामाहीचा हिशेब करायला बसलो. दर महिन्याची वसुली चांगली, गिऱ्हाईक टिकलेले, आणि तरी बँकेत जमा रक्कम अंदाजापेक्षा कमी. आधी वाटलं गेटवेने शुल्क जास्त कापलं असेल. तसं नव्हतं. मग एकेका गिऱ्हाइकाच्या पावत्या लावल्या तेव्हा कळलं.

एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण देते. मुदत १ एप्रिलला संपली. मँडेट त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, ते क्यूआरवरून भरायचे. १५ एप्रिलला भरले. आमच्या सॉफ्टवेअरने भरल्या तारखेपासून ३० दिवस मोजले, म्हणजे पुढची मुदत १५ मे. ते पुन्हा चौदा दिवस थांबले, २९ मे. मग २८ जूनची मुदत, भरले १२ जुलैला. मग ११ ऑगस्ट, भरले २५ ऑगस्टला. पुढची मुदत थेट २४ सप्टेंबर, आणि त्यावरही चौदा दिवस. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत सॉफ्टवेअर एक दिवसही बंद पडलं नाही, आणि हप्ते आले चार. ३,६०० च्या जागी २,४००.

रजिस्टरच्या लेखी या माणसाची वसुली शंभर टक्के होती. जितक्या वेळा पेमेंट चुकलं, तितक्या वेळा ते वसूल झालं होतं. पण त्याचा महिना ४४ दिवसांचा झाला होता. ३६५ ला ४४ ने भागा, वर्षाला आठ हप्ते होतात. बाराचे आठ.

त्या मालकांनी काही लबाडी केली असं मला मुळीच वाटत नाही. कारखान्यात पैशाची ये-जा अशीच चालते. व्यापाऱ्याकडून उधारी उशिरा येते आणि जिथे थांबून चालतं तिथलं देणं मागे पडतं. आम्हीच दर महिन्याला सांगत होतो की चौदा दिवस थांबलं तरी चालतं, वर तारीखही पुढे ढकलून देत होतो.

तुमच्याकडे हे आहे का, ते कसं शोधायचं

दोन लागोपाठच्या पेमेंटमधलं अंतर काढा. पोस्टग्रेसमध्ये `paid_on` हा रकाना तारखेचा असेल तर एवढं पुरतं:

```sql
SELECT customer_id, paid_on,
  paid_on - LAG(paid_on) OVER
    (PARTITION BY customer_id ORDER BY paid_on) AS gap_days
FROM payments
WHERE status = 'captured';
```

एखाद्या वेळचं ४० दिवसांचं अंतर सोडून द्या. एकाच गिऱ्हाइकाचं अंतर सलग तीन वेळा ३१ च्या वर गेलं तर तारीख सरकते आहे असं समजा. मँडेटवाल्यांत हे सहसा दिसणार नाही, कारण गेटवे आपलं मूळ वेळापत्रक धरून चालतो. दिसेल ते लिंकवरून किंवा क्यूआरवरून भरणाऱ्यांत, जिथे पुढची तारीख तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं.

तारखेचा नियम

सोपा उपाय सगळ्यांना माहीत असतो: ग्रेसमध्ये भरलं तर जुनी तारीख कायम, दार बंद झाल्यावर भरलं तर भरल्या दिवसापासून नवी तारीख. गूगल प्ले हेच करतं. ग्रेसमध्ये पैसे आले तर नूतनीकरणाची तारीख बदलत नाही, 'अकाउंट होल्ड' म्हणजे वापर थांबल्यानंतर आले तर पैसे आल्याच्या दिवसापासून नवं चक्र सुरू होतं. न्याय्य आहे, कारण बंद असलेल्या दिवसांचे पैसे घेणं बरोबर नाही.

पण लांब ग्रेसला हा नियम जसाच्या तसा लावला तर त्यात एक भोक राहतं. पंधरा दिवस ग्रेस असेल तर सोळाव्या दिवशी भरणाऱ्याला नवी तारीख मिळते आणि आधीचे पंधरा दिवस फुकट जातात. चौदाव्या दिवशी भरणारा मूर्ख ठरतो. म्हणून आम्ही वापरलेले दिवस आणि बंद असलेले दिवस वेगळे केले. जितके दिवस खरंच बंद होतं, तितकीच तारीख पुढे सरकते.

```python
paid_till = add_months(due_date, 1) + timedelta(days=closed_days)
```

मुदत १ तारखेला, पंधरा दिवस वापर चालू, मग पाच दिवस बंद, नंतर पैसे आले. पुढची मुदत पुढच्या महिन्याच्या ६ तारखेला. माणूस दोन दिवस थांबला काय आणि वीस दिवस थांबला काय, प्रत्येक वापरलेल्या दिवसाचे वीस रुपये कधी ना कधी मिळतातच. थांबण्यात फायदा राहिला नाही.

याचीही एक अडचण आहे. महिना-दीड महिना बंद राहून परत आलेला माणूस विचारतो, "सहाशे भरले आणि पंधराच दिवस?" त्याने आधीचे पंधरा दिवस वापरलेले असतात, पण ते त्याच्या ध्यानात नसतात. म्हणून पैसे भरण्याच्या पडद्यावर, बटण दाबण्याआधीच, 'आधी वापरलेले दिवस: १५, आता मिळणारे दिवस: १५' असं लिहून येतं. आणि साठ दिवसांहून जास्त बंद असलेल्याचे जुने दिवस आम्ही सोडून देतो. परत येणाऱ्या गिऱ्हाइकाशी तीनशे रुपयांसाठी भांडू नये, असं माझं ठाम मत आहे.

दार कसं आणि किती बंद करायचं

नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा:

```python
late = (today - due_date).days
if paid or (late <= 4 and mandate_ok):
    state = "full"
elif late <= 15:
    state = "limited"
else:
    state = "read_only"
```

चार दिवस कुठून आले? गेटवेचे पुढचे प्रयत्न तीन दिवस चालतात, त्यावर एक दिवस जादा, कारण शेवटचा प्रयत्न रात्री साडेनऊनंतर होऊ शकतो आणि त्याची खबर आमच्याकडे मध्यरात्र उलटल्यावर येते. तुमचा गेटवे पाच दिवस प्रयत्न करत असेल तर इथे सहा लिहा. `mandate_ok` ही अट मी नंतर घातली. खात्यात पैसे नसणं आणि मँडेट रद्द असणं, ही दोन दुखणी वेगळी आहेत. रद्द मँडेटवर कितीही प्रयत्न झाले तरी पैसे येणार नाहीत, मग चार दिवस गप्प बसून काय मिळणार? त्या माणसाला पहिल्याच दिवशी लिंक गेली पाहिजे.

आता `limited` म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. आधीची पिवळी पट्टी कुणी वाचतच नव्हतं. असं का, हे कारखान्यात जाऊन बसल्यावर समजलं. सॉफ्टवेअरसमोर मुनीमजी बसतात, आणि ज्या फोनवर यूपीआय आहे तो मालकांच्या खिशात असतो. पट्टी मुनीमजींना दिसते. ते ती रोज बघतात आणि मालकांना सांगायचं राहून जातं, किंवा सांगायचा संकोच वाटतो. म्हणजे आम्ही चुकीच्या माणसाला पंधरा दिवस आठवण करून देत होतो.

आता मर्यादित टप्प्यात दिवसाला पाच नवी बिलं निघतात. पहिलं बिल काढताना एक पडदा येतो आणि त्यावर 'मालकांना कळवा' असं बटण असतं. ते दाबलं की मालकांच्या व्हॉट्सअॅपवर थकबाकीची लिंक जाते आणि मुनीमजींचं काम पुढे चालू होतं. पाच बिलांत लहान कारखान्याची गाडी अडत नाही, मोठ्याला मात्र दुपारपर्यंत जाणवतं. स्वतः भरणाऱ्यांपैकी बहुतेकजण याच टप्प्यात भरतात.

`read_only` मध्ये नवी बिलं बंद. पण जुनी बिलं बघणं, छापणं, सगळा डेटा उतरवून घेणं, आणि पैसे भरण्याचं पान, हे चार दरवाजे कधीच बंद होत नाहीत. जीएसटी कायद्यानुसार व्यापाऱ्याला आपली कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचा असतो. सहाशे रुपयांसाठी त्याचा हिशेब अडवून धरायचा आणि त्याला विलंब शुल्क लागू द्यायचं, हे मला मान्य नाही. शिवाय अशी ओढाताण झालेला माणूस त्या वेळी पैसे भरतो आणि मार्चमध्ये दुसरीकडे जातो.

पैसे भरण्याच्या पानाचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या पहिल्या नियमात लॉगिनच बंद व्हायचं, आणि पैसे भरायचं पान लॉगिनच्या आत होतं. भरायची इच्छा असलेला माणूसही भरू शकत नव्हता. तुमच्याकडे स्वतः भरणाऱ्यांचा आकडा संशयास्पद कमी असेल तर आधी हेच तपासा: एक चाचणी खातं बंद करा, नव्या फोनवरून उघडा आणि पैसे भरून बघा.

मधल्या काळात लिंकमुळे दुहेरी वसुलीही झाली. माणूस दुसऱ्या दिवशी लिंकवरून भरतो आणि तिसऱ्या दिवशी गेटवेचा प्रयत्नही लागतो. लिंक नव्या रकमेची वेगळी बनवू नका, त्याच थकलेल्या इनव्हॉइसची द्या. ते जमत नसेल तर गेटवेचे प्रयत्न संपेपर्यंत मँडेट चालू असलेल्या माणसाला लिंक पाठवूच नका. परतावा देण्यात जो विश्वास जातो तो सहाशेपेक्षा महाग पडतो.

आकडे आता कसे आहेत

डिसेंबर २०२५ मध्ये ३९ फेल झाले. १५ आपोआप आले, १३ जणांनी स्वतः भरले. एकूण २८. मे महिन्याच्या ३१ पेक्षा हे कमी दिसतात, आणि आमच्या एका भागीदाराने लगेच विचारलं की मग पंधरा दिवसच बरे नव्हते का.

त्यांच्यासमोर मी असा हिशेब मांडला. मे मधल्या त्या १६ जणांनी दर वेळी चौदाव्या दिवशी भरलं असं धरा. ४४ दिवसांना ६०० म्हणजे तीस दिवसांना साधारण ४०९ रुपये. १६ जणांचे महिन्याला सुमारे ६,५००. डिसेंबरचे १३ जण जुनी तारीख धरून भरतात, त्यांचे ७,८००. सगळेच चौदाव्या दिवशी भरत नव्हते, त्यामुळे खरा फरक याहून कमी असेल, आणि एका महिन्याच्या चाळीस माणसांवरून दोन-तीनचा फरक हा योगायोगही असू शकतो. म्हणून मी वसुलीच्या संख्येशेजारी आता एक रकाना वाढवला आहे: त्या फेल झालेल्या गटाकडून पुढच्या १८० दिवसांत प्रत्यक्ष किती रुपये आले. नियम बरा की वाईट, ते त्या रकान्यावर ठरतं. एप्रिलमध्ये हा रकाना असता तर घोळ जूनमध्येच दिसू लागला असता.

हा सगळा हिशेब सॉफ्टवेअरचा आहे, जिथे आणखी एका माणसाने पंधरा दिवस वापरलं तर आमचा खर्च जवळजवळ वाढत नाही. जुळे सोलापुरात आमच्याच इमारतीत एक काकू डब्यांची महिन्याची वर्गणी चालवतात. त्यांना मी चार दिवसांचा नियम सांगितला तर त्या म्हणाल्या, "अगं, माझी भाकरी रोज परातीतनं जाते." त्यांच्यासाठी दोन दिवस पूर्ण डबा आणि तिसऱ्या दिवसापासून बंद, हेच बरोबर आहे. ग्रेस किती दिवस द्यायचा हे एका दिवसाचा खरा खर्च किती आणि गेटवेचे प्रयत्न किती दिवस चालतात, या दोन आकड्यांवर ठरवा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास, बरेच कारखाने तीन-चार दिवस बंद असतात. सॉफ्टवेअर कुणी उघडतच नाही, त्यामुळे 'मालकांना कळवा' हे बटणही कुणी दाबत नाही, आणि मर्यादित टप्प्याचे उरलेले दिवस न दिसताच संपतात. यात्रा आटोपून मुनीमजी परत येतात तेव्हा समोर थेट बंद दार. सध्या त्या आठवड्यात मी हातानेच मुदत चार दिवस वाढवते. मर्यादित टप्पा तारखेवर न मोजता, सॉफ्टवेअर उघडल्याच्या दिवसांवर मोजावा असं डोक्यात आहे. पण मग जो उघडतच नाही त्याचं दार कधी बंद व्हायचं, हे ठरत नाहीये. सध्या कच्चा नियम असा लिहून ठेवला आहे: उघडल्याचे अकरा दिवस, किंवा तारखेने तीस, जे आधी येईल ते. पुढच्या जानेवारीत तो चालवून बघणार आहे.